ओढणीला कोणी धरलंय?

माउसवरचा हात काढा आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा. पडद्यावर एक फोटो उघडा आहे. पहिली पाच मिनिटं आपण त्याला बोटही लावायचं नाही.

फोटो शाळेतल्या एका बाईंचा आहे. निवृत्तीच्या दिवशी, समारंभ आटोपल्यावर, व्हरांड्यात काढलेला. कार्यालयाच्या भिंतीवर लावायला तो मोठा करून हवा आहे. चेहरा फार सुंदर आला आहे. नुकतंच भरून आलेलं आणि नुकतंच आवरलेलं असं काहीतरी त्या डोळ्यांत आहे, आणि ते पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवून मिळणार नाही. म्हणूनच हाच फोटो हवा. पण ओढणी एका खांद्यावरून घसरून कोपरापाशी आली आहे, मंगळसूत्र पिळलं आहे आणि कुर्त्याच्या कॉलरचं एक टोक आत दुमडलं आहे. सोबत निरोप आहे, ‘हे तेवढं सरळ करून द्या.’

मी अनेक वर्षं फोटो दुरुस्तीचं काम करतो आहे, आणि अशा फोटोसमोर बसलं की आधी मनातली घाई खाली ठेवावी लागते. डोळा लगेच चुकीवर जातो आणि हात त्याच्यामागून धावतो. तसं होऊ देऊ नका. आधी नुसतं बघा.

यापुढे मी डावं-उजवं म्हणेन ते तुमच्या बाजूनं, पडद्यावरचं. उजेड डावीकडून येतो आहे, कारण व्हरांडा त्या बाजूला मोकळा आहे. बाईंचा डावीकडचा गाल उजळ आहे, उजवीकडचा थोडा सावलीत. डाव्या खांद्यावर ओढणी पिनेनं टाचलेली आहे, म्हणून ती तिथे टिकली. उजव्या खांद्यावर पीन नाही, म्हणून तिकडून ती सुटली. उजवीकडचा हात कोपरात वाकलेला आहे आणि बोटं अर्धी मिटलेली आहेत. हा हात ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता कॉलर, मंगळसूत्र आणि ओढणी यांच्याकडे तीन चुका म्हणून बघू नका. एकापाठोपाठ एक नजर फिरवा. कॉलरचं कुठलं टोक दुमडलं आहे? उजवीकडचं. मंगळसूत्र कुठल्या बाजूला ओढलं गेलं आहे? उजवीकडे. ओढणी कुठल्या बाजूला घसरली? उजवीकडेच. तिन्ही गोष्टी एकाच दिशेनं गेल्या आहेत. ओढणी निसटली, तिनं जाताना कॉलरचं टोक आत दाबलं आणि मंगळसूत्राचा सर सोबत फरफटत नेला. घडलं ते एकच, त्याच्या खुणा तीन ठिकाणी उरल्या.

इथे क्षणभर थांबा, कारण या सगळ्या कामाचं सूत्र इथेच आहे. कापडावरची चुणी ही ओढीची खूण असते. कापड कुठेतरी टेकलेलं असतं, कुठेतरी ताणलेलं असतं आणि उरलेलं वजनानं खाली लोंबतं. आधार, ताण आणि वजन या तिघांनी मिळून चुणीचा आकार ठरवलेला असतो. आपण चुणी सरळ करायला गेलो तर कापड खोटं दिसतं. ती ओढ कुठे आहे हे ओळखून तिची जागा बदलली, की चुण्या कुठे पडायच्या ते आपोआप कळत जातं.

*

आता पडद्यासमोरून उठा. घरातली एखादी सुती ओढणी घ्या, खुर्चीच्या पाठीवर टाका आणि खिडकीजवळ न्या. उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. ट्यूबलाइट बंद करा.

पाठीच्या कोपऱ्यावर जिथे ओढणी टेकली आहे, तिथे नजर ठेवा. तिथून चुण्या निघतात आणि खाली जाता जाता रुंद होतात. आधारापाशी त्या अरुंद, उठावदार असतात. वीतभर खाली गेल्यावर त्या फिकट होतात आणि कुठे संपल्या ते सांगता येत नाही. यातल्या कुठल्याही दोन चुण्यांमधलं अंतर सारखं नाही, हेही बघून घ्या.

आता ओढणीचं दुसरं टोक उचलून हातात धरा. खुर्ची आणि हात असे दोन आधार झाले. मधलं कापड झोळीसारखं खाली आलं आणि त्यात एकाखाली एक अशा वाटीच्या आकाराच्या चुण्या पडल्या. हात खुर्चीच्या जवळ न्या, झोळ खोल होतो. हात लांब न्या, झोळ उथळ होतो आणि वरच्या काठाला ताण येतो. आता ओढणी कोपराच्या बेचक्यात टाकून हात वाकवा. तिथे चुण्या इकडून तिकडे मुडपत नागमोडी जातात.

लोंबणारी, झोळातली आणि बेचक्यातली, अशा या तीन जाती ओळखता आल्या तरी आपलं आजचं काम भागतं. चित्रकला शिकवणारे याहून जास्त जाती सांगतात. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकवणाऱ्या जॉर्ज ब्रिजमननी सात मोजल्या होत्या. त्याआधी साडेचारशे वर्षांपूर्वीही हा अभ्यास असाच, कापड समोर ठेवून चालायचा. लिओनार्दो दा विंचीबद्दल वासारीनं लिहून ठेवलं आहे, की तो मातीचे पुतळे करायचा, त्यांच्यावर चिखलात भिजवलेली फडकी पांघरायचा आणि ती चित्रात उतरवायला तासन्‌तास बसायचा. चिखलात भिजवल्यामुळे चुणी हलत नसे. आपल्याला ती मुभा नाही, पण आपल्याकडे मोबाइल आहे. खुर्चीवरच्या या ओढणीचे दोन-चार फोटो काढून ठेवा. उजेड डावीकडूनच असू द्या आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर. ते पुढे लागतील.

शेवटी एकाच चुणीकडे अगदी जवळून बघा. खिडकीकडची उतरण उजळ आहे. माथा ओलांडला की सावली सुरू होते आणि थोडं पुढे ती सर्वांत गडद होते. मग शेजारच्या कापडावरून परतलेल्या उजेडानं ती किंचित फिकी पडते. त्यापलीकडे या चुणीची सावली शेजारच्या सपाट भागावर पडली आहे. उजेड, काळोख, परतलेला उजेड आणि पडलेली सावली. यातला परतलेला उजेड लोक हमखास विसरतात, आणि मग चुणी कापडात पडलेल्या चिरेसारखी दिसते.

उजेडाची दिशा बदलली की हे सगळं उलटतं. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात उजेड वरून येत नाही, तिच्या हातातल्या दिव्यातून येतो. त्यामुळे दिव्याजवळची वस्त्रं उजळतात आणि दूरची मंदावत जातात. एरवी वरून उजेड पडणाऱ्या फोटोतली चुणी उचलून अशा ठिकाणी ठेवली, तर ती कितीही खरी असली तरी परकी दिसेल. चुणी उसनी घ्यावी, पण तिचा उजेड आपल्या फोटोशी जुळतो की नाही ते बघूनच.

*

आता परत या आणि बसा. फोटोशॉपमध्ये Ctrl+J दाबून मूळ थराची एक प्रत करा आणि मूळ थराला कुलूप लावा. यापुढचं सगळं त्याच्या वरच्या थरांवर होईल, म्हणजे काहीही बिघडलं तरी बाई जशा आल्या तशा खाली सुखरूप असतील.

सुरुवात कुठून करायची हा प्रश्न माणूस कपडे कसे घालतो ते आठवलं की सुटतो. आधी कुर्ता, मग गळ्यातलं, मग ओढणी. जे आत आहे ते आधी, जे वर येतं ते नंतर. ओढणी आधी सरळ केली आणि मग तिच्याखालचं मंगळसूत्र हलवायला गेलो, तर ओढणीची कड पुन्हा उसवावी लागते.

कॉलरपाशी फार रेंगाळायला नको, पण एका गोष्टीवर थांबायला हवं. डावीकडचं टोक नीट आहे. त्याची नक्कल करून, आरशासारखं उलटून उजवीकडे बसवलं की झालं, असं वाटतं. तसं करून बघा आणि दूर सरून पाहा. काहीतरी खुपतं. काय खुपतंय ते शोधा.

उजेड डावीकडून आहे. डाव्या टोकाची आतली कड गळ्याकडे आहे, म्हणून तिची सावली उजवीकडे, गळ्याच्या फटीत पडते. नक्कल उलटली तेव्हा ती सावलीही उलटली आणि नव्या टोकाच्या डावीकडे, म्हणजे नेमकी उजेडाच्या बाजूला गेली. खरं तर उजवीकडच्या टोकाची आतली कड उजेडाकडे तोंड करून असते. ती उजळ हवी, आणि सावली तिच्या बाहेरच्या कडेखाली हवी. म्हणून फक्त कापडाचा आकार उसना घ्या, सावली तिथेच सोडा. नवी सावली वेगळ्या थरावर, Multiply मध्ये, मऊ ब्रशनं भरा. तिचा रंग काळा घेऊ नका, त्याच कुर्त्याच्या दुसऱ्या सावलीतून उचला. निळ्या कुर्त्याची सावली गडद निळीच असते. शेवटी कडेजवळची शिलाई बघा. ती कडेला समांतर धावते आणि टोकाशी वळते. ती तुटली किंवा फाकली, तर कॉलर बनावट आहे हे शिंप्याच्या नजरेला पहिल्या क्षणी कळेल.

*

आता मंगळसूत्र. इथे श्वास जरा लांब घ्या.

आधी विचारायचं ते असं, की हे खरंच वाकडं आहे का. काही घरांत नव्या नवरीच्या गळ्यातल्या वाट्या काही दिवस मुद्दाम उलट्या ठेवायची रीत असते. तिथे ‘सरळ’ करणं म्हणजे चूक करणं. पण या बाई निवृत्त होत आहेत, आणि दोनपैकी एकच वाटी उलटली आहे. ती पिळामुळे उलटली हे नक्की.

काळ्या मण्यांचे दोन सर आहेत. गळ्याच्या उजव्या बाजूला ते एकमेकांवर चढले आहेत आणि तिथून खाली वाटीपर्यंत पीळ उतरला आहे. मनात आपण लगेच एक सुबक आकार आखतो, दोन्हीकडून सारखा, मध्यभागी बटणांच्या रेषेवर वाट्या. जरा थांबा. मणी वजनाला वश असतात. दोन ठिकाणी टांगलेली साखळी कुठला आकार घेते हे कोडं 1691 मध्ये हायगेन्स, लायबनिट्स आणि योहान बर्नुली यांनी सोडवलं. तो आकार वजनानं ठरतो, शरीराच्या मध्यरेषेनं नाही. गळ्यातली माळ छातीच्या उतारावर टेकलेली असते, त्यामुळे आकार थोडा बदलतो, पण सर्वांत खालचा बिंदू ओळंबा सांगेल तिकडेच जायला बघतो.

फोटोत ओळंबा शोधा. मागे व्हरांड्याचा खांब आहे, तो उभा सरळ आहे. त्याच्याशी बाईंची बटणांची रेषा ताडून बघा. ती किंचित कलली आहे, वरचं टोक उजवीकडे. बाई उजवीकडे थोड्या झुकल्या आहेत. म्हणजे वाट्या बटणांच्या रेषेवर नसणार, त्या रेषेपासून करंगळीच्या नखाएवढ्या उजवीकडे लोंबत असणार. मध्यावर बसवलं असतं तर मंगळसूत्र छातीवर चिकटवल्यासारखं दिसलं असतं, आणि का ते कोणालाच सांगता आलं नसतं.

सर हलवायचा कसा? Liquify मध्ये ढकलून हलवला तर मणी चेपतात. गोल मणी लांबट झाला की डोळ्याला पटत नाही, कारण मणी गोल असतो हे आपल्याला बोटांनी माहीत आहे. म्हणून सर वेगळ्या थरावर कापून घ्या आणि Puppet Warp वापरा. Mode ला Rigid ठेवा आणि दर चार-पाच मण्यांवर एक पीन टोचा. मग एकेक पीन अगदी थोडी सरकवा. मण्यांमधलं अंतर बहुतेक राखलं जातं. जिथे पीळ घट्ट आहे तिथे हेही पुरत नाही. तिथे पाच-सहा मण्यांचा तुकडा दुसरीकडून घ्या आणि नव्या वाटेवर मांडा.

आता अगदी जवळ जा, मणी चण्याएवढा दिसेपर्यंत. प्रत्येक काळ्या मण्यावर उजेडाचा एक बारीक ठिपका आहे, डावीकडे आणि वर. व्हरांड्याबाहेरचं आकाशच तिथे मावलं आहे. तुकडा फिरवला की तो ठिपकाही फिरतो. तुम्ही वळवलेल्या मण्यांवर ठिपके आता भलत्याच बाजूला गेले असतील. ते झाका आणि बारीक ब्रशनं पुन्हा डावीकडे वर ठेवा. सगळे एकाच तेजाचे नकोत, सावलीकडच्या मण्यांवर ते मंद हवेत. एकेका मण्याला सेकंदभर लागतो. ही माळ जपताना मोजल्यासारखी मोजा.

उलटलेली वाटी आतून पोकळ दिसते आहे. पोकळ वाटीत उजेड उजवीकडच्या आतल्या भिंतीवर पडतो. फुगीर बाजूवर तो डावीकडे पडतो. म्हणून ही वाटी आहे तशी रंगवून सुलटी होत नाही. शेजारची सुलटी वाटी घ्या, न उलटवता तशीच बाजूला सरकवा. पण एक वाटी माहेरची आणि एक सासरची असते, आणि बाईंच्या या दोन वाट्या एका मापाच्या नाहीत. त्याच समारंभाच्या सामूहिक फोटोत त्या लहान पण सरळ दिसतात. तो फोटो शेजारी उघडून ठेवा. उजवीकडची थोडी मोठी आहे. तेवढी मोठी करा. हा फरक पुसून टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

जिथून सर उठला तिथे त्वचा आणि कापड भरून काढायचं आहे. Healing Brush मण्यांच्या अगदी जवळ चालवू नका. तो शेजारचा काळा रंग ओढून आणतो आणि त्वचेवर काजळी पसरते. कडेला Clone Stamp वापरा, मोकळ्या जागेत Healing Brush. मग नव्या वाटेवर सराची सावली घाला. मणी जिथे त्वचेला टेकला आहे, तिथे ती बारीक आणि गडद असते. गळ्याच्या हाडाशेजारच्या खळगीवरून सर जातो तिथे तो त्वचेपासून सुटतो, आणि सावलीही मण्यापासून सुटून थोडी दूर, मऊ पडते. एवढ्या एका फटीनं मंगळसूत्र गळ्यात घातल्यासारखं दिसू लागतं.

*

आता ओढणी. पुन्हा हात मांडीवर.

उजव्या खांद्यावर आज काहीच नाही, मोकळा कुर्ता आहे. कोपरात नागमोडी चुण्या साचल्या आहेत. ओढणी खांद्यावर गेली तर त्या चुण्यांचं काय होईल? त्या तिथे राहूच शकत नाहीत, कारण त्यांना पाडणारा आधार बदलला. त्याऐवजी खांद्यावरून खाली लोंबणाऱ्या चुण्या येतील. खालचं कापडही तेवढंच वर ओढलं जाईल, कारण सुती कापड वाढत नाही. खांदा ते कोपर हे अंतर जेवढं, तेवढे काठावरचे बुट्टे वर सरकायला हवेत. काठ जिथे खांद्यावरून मागे वळतो, तिथे बुट्टे एकमेकांजवळ आल्यासारखे दिसतील. चौकटीत खालचं टोक येत नाही म्हणून बरंचसं निभावतं, पण बुट्ट्यांचा हिशोब चुकवता येत नाही.

डाव्या खांद्यावरच्या चुण्या उचलून उलटवून इकडे लावायचा मोह होईल. कॉलरनं जे शिकवलं ते आठवा. शिवाय डावीकडच्या चुण्या पिनेतून निघालेल्या आहेत, चिमटीत धरल्यासारख्या. उजवीकडे पीन नाही. तिथे कापड नुसतं टेकेल, म्हणून चुण्या कमी, रुंद आणि सैल असतील. इथे तुमचे खुर्चीवरच्या ओढणीचे फोटो उपयोगी पडतात. त्यांतली सैल टेकलेली चुणी निवडा. मापानं मोठी असेल ती घ्या, लहान चुणी ताणून मोठी केली की विणीचे धागे फुगतात.

ती चुणी आणून Smart Object करा, म्हणजे पुन्हापुन्हा आकार बदलला तरी धूसर होत नाही. Ctrl+T दाबून Warp घ्या आणि खांद्याच्या उतारावर बसवा. रंग फोटोतल्या ओढणीशी जुळवा, आधी उजळ भागात, मग सावलीत. दोन्हीकडे जुळला तरच जुळला म्हणायचं. मग वर 50% राखाडी रंगाचा एक थर घाला, तो Overlay मध्ये ठेवा आणि अगदी मंद ब्रशनं, पाच-सहा टक्क्यांच्या जोरावर, माथा उजळा आणि उतरण गडद करा. परतलेला उजेड विसरू नका. इथे तो निळ्या कुर्त्यावरून येतो, म्हणून ओढणीच्या सावलीत निळ्याची किंचित झाक हवी.

ही ओढणी जाड सुती आहे हे आपलं भाग्य. ती चंदेरी असती तर आरपार दिसली असती. मग कोपरावरून उचललेल्या तुकड्यात हाताच्या त्वचेचा रंग सोबत आला असता आणि खांद्यावर निळ्याऐवजी गव्हाळ रंग झिरपला असता. तलम कापडात एकेरी आणि दुहेरी थरांची छटाही वेगळी असते. अशा वेळी उचलाउचल करण्यापेक्षा, तसल्याच रंगाच्या कुर्त्यावर तसलीच ओढणी घालून नवा फोटो काढणं हाच खरा मार्ग उरतो.

खांदा झाला. दूर सरा आणि बघा. ओढणी बसली आहे, उजेड जुळला आहे, काठ नीट वळला आहे. तरीही काहीतरी राहिलं आहे.

*

उजवीकडचा हात बघा. कोपरात वाकलेला, बोटं अर्धी मिटलेली.

सुरुवातीच्या वर्षांत मी असाच एक फोटो केला होता. ओढणी खांद्यावर नेली, चुण्या उत्तम जमल्या, मला फार समाधान वाटलं. ज्यांचा फोटो होता त्या काकूंनी प्रत हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, “सगळं छान आहे हो, पण मी हातात काय धरलंय?”

माझ्या प्रतीत त्यांनी काहीच धरलं नव्हतं. मुळात ओढणी निसटताना त्यांनी ती झेलली होती. मी ओढणी उचलली आणि हात तसाच ठेवला, हवा धरून. चुणीची ओढ मी शोधली होती, पण त्या ओढीचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं, हे मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून आता या बाईंच्या हाताला विचारा, तुझं काय काम होतं. निसटती ओढणी त्यानं झेलली. बाई उजवीकडे झुकल्या त्याही त्यासाठीच. त्या झुकण्यामुळे वाट्या बटणांच्या रेषेवरून सरकल्या. हात खाली करणं आपल्याला शक्य नाही, आणि ते करूही नये, कारण मग ते झुकणंही बिनकारणाचं होईल. एका हाताच्या पाठोपाठ सगळं शरीर बदलत न्यावं लागेल.

मग उत्तर काय? खुर्चीजवळ उभं राहून तुम्ही हातात ओढणीचं टोक धरलं होतं ते आठवा. दोन आधार, मध्ये झोळ. ओढणी खांद्यावर जाऊ द्या, आणि तिचा पुढे आलेला भाग या हातावरून जाऊ द्या. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये एक उथळ झोळ येईल, वाटीच्या आकाराच्या दोन चुण्या, त्यांतली वरची अधिक ताणलेली. मूळ फोटोतला बोटांजवळचा कापडाचा भाग जसाच्या तसा राहू द्या. तो खरा आहे, त्याला त्यांच्या बोटांनी खरोखर दाबलं होतं. कोपरातल्या नागमोडी चुण्या तेवढ्या झाका आणि झोळाची खालची कड बोटांपाशी त्या मूळ कापडात मिळवून टाका.

आता शेवटची पाहणी. Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal करून फोटो आरशात पाहिल्यासारखा बघा. नजरेची सवय मोडते आणि राहिलेली चूक वर येते. बघून झालं की तीच आज्ञा पुन्हा देऊन फोटो सरळ करा. 100% वर जाऊन दाणा बघा. आकार बदललेल्या भागांत कॅमेऱ्याचा बारीक दाणा पुसला जातो आणि तो भाग मेणासारखा गुळगुळीत दिसतो. तिथे थोडा दाणा घाला, आजूबाजूइतकाच. दोन चुण्या हुबेहूब सारख्या तर झाल्या नाहीत ना, काठावर एकच बुट्टा दोनदा तर आला नाही ना, हे बोट ठेवून तपासा. मग फोटो बंद करा आणि रात्रभर तसाच राहू द्या.

सकाळी तो उघडा आणि प्रत्येक चुणीवर एकदा नजर टेकवा. हिला कोणी धरलंय? पिनेनं. हिला? खांद्यानं. हिला? हातानं. ज्या चुणीला उत्तर देता येणार नाही ती काढून टाका. सर्वांना उत्तर मिळालं, की Alt दाबून खालच्या थराच्या डोळ्यावर क्लिक करा आणि मूळ फोटो एकदा पाहून घ्या. तिथे बाई निसटणारी ओढणी झेलत आहेत. Alt दाबून पुन्हा क्लिक करा. इथे त्यांनी ती खांद्यावर घेतली आहे, आणि हात अजून तिच्यावरच आहे.